मीटर अधूनमधून ऑफलाइन जातात: केबल बदलण्याआधी रिकाम्या लाइनचं व्होल्टेज मोजा

प्रश्न: महापे एमआयडीसीत आमचं युनिट आहे. एका गेटवेवर आरएस-४८५ लाइनला २१ एनर्जी मीटर, मॉडबस आरटीयू, ९६०० बॉड. दोन मीटर पहिल्यापासूनच वाचत नाहीत. सहा-सात अधूनमधून ऑफलाइन जातात, दिवसा जास्त. व्हेंडरने शेवटच्या मीटरला १२० ओहमचा रेझिस्टर लावला तर उलट जास्तच बिघडलं. आता तो पूर्ण केबल बदलायला सांगतोय. दुसरा म्हणतो ए-बी उलट करून बघा. नक्की काय करू?

उत्तर: केबलची ऑर्डर आत्ताच देऊ नका. रेझिस्टर लावल्यावर बिघाड वाढला, ही तुम्ही दिलेली सगळ्यात मोलाची माहिती आहे. त्यावरून मला पहिला संशय येतो तो केबलवर नाही. लाइनवर कोणीच बोलत नसतं तेव्हा त्या दोन तारांमध्ये किती व्होल्ट असतात, तिथे गडबड दिसते.

आधी दोन तक्रारी वेगळ्या करा. कधीच न वाचणारे दोन मीटर हा एक प्रकार आणि येऊन-जाऊन वाचणारे सहा-सात हा दुसरा. उलटी जोडलेली जोडी, चुकीचा पत्ता, चुकीची पॅरिटी यांचा बिघाड कायमचा असतो. ज्या मीटरच्या तारा उलट आहेत तो सकाळी बंद आणि रात्री चालू असं करत नाही. त्याला गेटवेचा प्रत्येक बिट उलटा दिसतो, सीआरसी हा चुका पकडणारा आकडा जुळत नाही आणि तो गप्प बसतो. म्हणून अधूनमधून जाणाऱ्या मीटरच्या तारा उलट करून काही मिळणार नाही, चालू असलेला मीटरही बंद पडेल. मात्र या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असू शकतो. तो कसा, ते पुढे येईल.

आता रिकाम्या लाइनचं. गेटवे प्रश्न पाठवतो आणि आपला ड्रायव्हर बंद करतो. मीटर थोड्या वेळाने उत्तर देतो आणि त्याचाही ड्रायव्हर बंद होतो. मधल्या वेळेत लाइन कोणीच चालवत नाही. आरएस-४८५ च्या मानकाप्रमाणे दोन तारांमधला फरक +२०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर रिसीव्हरने एक अवस्था धरायची, -२०० च्या खाली असेल तर दुसरी. मधल्या पट्ट्यात तो काय धरेल याची खात्री मानक देत नाही. लाइन त्या पट्ट्यात तरंगत असेल तर शेजारच्या केबलमधून आलेला छोटासा झटकाही मीटरला स्टार्ट बिटसारखा वाटतो. मीटर एक फालतू बाइट वाचतो, मागोमाग गेटवेचा खरा प्रश्न येतो, दोन्ही मिळून एकच फ्रेम समजली जाते आणि सीआरसी चुकते. मॉडबसच्या नियमाप्रमाणे चुकीच्या फ्रेमला मीटरने उत्तर द्यायचंच नसतं. त्यामुळे गेटवेच्या लॉगमध्ये तुम्हाला फक्त टाइमआउट दिसतो, आणि सगळे म्हणतात मीटर मेला किंवा केबल तुटली. खरं तर मीटर जिवंत असतो, त्याने प्रश्न ऐकलेला असतो, पण बिघडलेला.

रिकामी लाइन या पट्ट्याच्या बाहेर ठेवण्यासाठी बायस रेझिस्टर असतात: एक तार ५ व्होल्टकडे ओढणारा, दुसरी शून्याकडे. बऱ्याच गेटवेंमध्ये ते आतच असतात, पण मोठ्या किमतीचे. समजा ४.७ किलोओहमचे आहेत. लाइनला टर्मिनेशन, म्हणजे टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर, नसेल तर मीटरचा भार हलका असतो आणि तेवढ्या बायसवरही रिकाम्या लाइनवर एखादा व्होल्ट सहज राहतो. आता दोन्ही टोकांना १२० ओहम लावा. दोन मिळून ६० ओहम झाले, आणि हिशोब असा होतो:

```
V = 5 × 60 / (4700 + 4700 + 60) = 0.032 V
```

३२ मिलिव्होल्ट. एकच रेझिस्टर लावला असेल तर साधारण ६३. दोन्ही त्या अनिश्चित पट्ट्यात. तुमच्याकडे हेच झालं असावं. व्हेंडरने पुस्तकाप्रमाणे योग्य गोष्ट केली, पण तिच्या जोडीला लागणारं बायस दिलं नाही.

मग सहा-सातच मीटर का जातात, बाकीचे का टिकतात? बऱ्याच नव्या रिसीव्हर चिपचा उंबरा -२०० ते -५० मिलिव्होल्टच्या मध्ये ठेवलेला असतो, त्यामुळे शून्य व्होल्टसुद्धा त्या ‘रिकामी लाइन’ म्हणूनच वाचतात. जुन्या चिपना ही सोय नाही. एका लाइनवर दोन-तीन बनावटीचे किंवा वेगवेगळ्या वर्षांत घेतलेले मीटर असतील तर एकाच व्होल्टेजवर काही चालतात आणि काही गडबडतात. तुमचे जाणारे मीटर एकाच मॉडेलचे आहेत का, ते जरूर बघा.

मोजायचं कसं ते सांगतो, पण त्याआधी सुरक्षिततेचं. मीटरच्या मागच्या बाजूला कम्युनिकेशनच्या टर्मिनलपासून बोटभर अंतरावर ४१५ व्होल्ट असतात आणि करंट मोजणाऱ्या सीटीच्या तारा असतात. चालू भारावर सीटीची सेकंडरी उघडी पडली तर तिथे जीवघेणं व्होल्टेज येतं. मीटर काढायचा असेल तर आधी सीटी शॉर्टिंग लिंक लावून घ्या, आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन सोबत असल्याशिवाय पॅनलचं दार उघडू नका.

पहिलं माप रोधाचं. गेटवे आणि मीटरचा पुरवठा बंद असताना गेटवेच्या टोकाला ए आणि बी मध्ये ओहम मोजा. दोन टर्मिनेशन असतील तर तारेचा स्वतःचा रोध धरून ६० ते ७० दिसेल. १२० च्या आसपास म्हणजे एकच. ४० किंवा ३० दिसलं तर कोणीतरी तीन किंवा चार लावलेत. बहुतेक वेळा मीटरच्या डीआयपी स्विचने किंवा मेनूतून आतला रेझिस्टर चालू केलेला असतो आणि पॅनल बसवणाऱ्याने सगळ्या मीटरना एकच सेटिंग दिलेलं असतं. फक्त एक लक्षात ठेवा: मेनूतून चालू होणारं टर्मिनेशन पुरवठा बंद असताना मल्टिमीटरवर दिसेलच असं नाही, त्यासाठी प्रत्येक मीटरचा मेनू बघावा लागतो.

दुसरं माप सगळ्यात महत्त्वाचं. पुरवठा चालू करा, पण सॉफ्टवेअरमधून पोलिंग थांबवा. आता ए-बी मध्ये डीसी व्होल्टेज मोजा, गेटवेजवळही आणि शेवटच्या मीटरजवळही. २०० मिलिव्होल्टपेक्षा बऱ्यापैकी जास्त असेल तर बायस ठीक आहे, आणि मग इंटरफेरन्स शोधायला हरकत नाही. ५० च्या आत असेल तर बाकी कशालाही हात लावण्याआधी हे दुरुस्त करा.

याच वेळी कोणती तार जास्त पॉझिटिव्ह आहे ते लिहून ठेवा. ए आणि बी ही अक्षरं सगळे उत्पादक एका अर्थाने छापत नाहीत. मूळ मानकाप्रमाणे रिकाम्या लाइनवर बी ही तार जास्त पॉझिटिव्ह असते. पण कित्येक चिप बनवणाऱ्यांनी त्याच तारेला ए म्हटलं, आणि त्या चिप वापरणाऱ्या मीटरवर तेच अक्षर छापलं गेलं. म्हणून ‘ए ला ए, बी ला बी’ हा नियम दोन वेगळ्या कंपन्यांच्या मीटरमध्ये चालत नाही. प्लस-मायनस छापलेलं असेल तर त्यावर जास्त भरवसा ठेवा. तुमचे कधीच न वाचणारे दोन मीटर बाकीच्यांपेक्षा वेगळ्या बनावटीचे असतील तर माझा अंदाज इथेच जातो. त्यांच्यापैकी एकाची जोडी लाइनवरून सोडवून, मीटर चालू ठेवून, त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज बघा. त्याच्या आत बायस असेल तर तो स्वतःच सांगेल कोणतं टर्मिनल पॉझिटिव्ह आहे. काहीच व्होल्टेज दिसलं नाही तर आत बायस नाही. मग फक्त त्या मीटरच्या दोन तारा अदलाबदल करून बघणं हाच मार्ग. पण तेवढ्याच मीटरच्या. मुख्य लाइनच्या नाही.

एकेका मीटरची अशी चाचणी घेताना मी गेटवे बाजूला ठेवतो आणि लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर लावून थेट विचारतो. लिनक्सवर `mbpoll` पुरेसं आहे. पत्ता, पॅरिटी आणि रजिस्टर तुमच्या मीटरच्या मॅन्युअलप्रमाणे बदला:

```
mbpoll -m rtu -a 7 -b 9600 -P none -t 3 -r 1 -c 2 /dev/ttyUSB0
```

हे चालू ठेवून थांबवलं की किती फ्रेम पाठवल्या, किती परत आल्या आणि किती चुकल्या ते दिसतं. मीटरने ‘Illegal data address’ असं काही उत्तर दिलं तर आनंद माना: वायरिंग ठीक आहे, फक्त रजिस्टरचा नंबर चुकलाय.

आता दोन तक्रारींचा संबंध. रबाळेच्या एका युनिटमध्ये मी जी लाइन पाहिली ती तुमच्यासारखीच होती. एलटी पॅनलपासून कॉम्प्रेसर रूमपर्यंत साधारण पावणेदोनशे मीटर केबल, दोन्ही टोकांना १२० ओहम, एक मीटर पहिल्यापासून बंद आणि बरेच मीटर अस्थिर. पोलिंग थांबवून मोजलं तर ए-बी मध्ये जवळजवळ शून्य. गेटवेच्या आत ४.७ किलोओहमचं बायस होतं, म्हणजे निदान ३० मिलिव्होल्ट तरी दिसायला हवे होते. मग एकेक मीटर लाइनवरून सोडवत गेलो. तो कायम बंद असलेला मीटर सोडवताच आकडा ३० च्या आसपास आला. त्याच्या तारा उलट होत्या आणि त्याच्या आतही जवळपास तेवढ्याच किमतीचं बायस होतं. गेटवे लाइन एका दिशेला ओढत होता, हा तेवढ्याच जोराने उलट दिशेला, आणि बेरीज शून्य होत होती. म्हणजे एका मीटरची उलटी जोडी बाकीच्यांना अस्थिर करत होती. तो ऑफलाइनच आहे, नंतर बघू, असं म्हणून त्याला लाइनवर लटकत ठेवणं सगळ्यांना भोवत होतं. तुमचे दोन बंद मीटर आधी लाइनवरून पूर्ण सोडवा आणि बाकीच्यांचं काय होतं ते बघा. यात खर्च काहीच नाही.

त्या मीटरच्या तारा सरळ केल्यावरही लाइन अनिश्चित पट्ट्यातच होती, कारण ६० ओहमच्या भारापुढे ते बायस दुबळं होतं. तिथे दोन रस्ते होते. एक म्हणजे गेटवेच्या टोकाला ५६० ओहमची जोडी बाहेरून लावायची: ५ व्होल्ट आणि प्लस तारेमध्ये एक, मायनस आणि कॉमनमध्ये दुसरा. आतले ४.७ किलोओहम समांतर धरून ते साधारण ५०० ओहमचं होतं, आणि हिशोब ५ × ६० / १०६० म्हणजे सुमारे २८० मिलिव्होल्ट येतो. मॉडबसच्या मार्गदर्शनातही बायससाठी ४५० ते ६५० ओहम दिलेले आहेत. ही जोडी संपूर्ण लाइनवर एकाच ठिकाणी लावायची, प्रत्येक पॅनलमध्ये नाही. गेटवेवर ५ व्होल्टचं टर्मिनल असेल तरच हे सोपं जातं.

दुसरा रस्ता म्हणजे टर्मिनेशनच काढून टाकायचं. हे ऐकून काही जण दचकतील, म्हणून कारण सांगतो. केबलच्या दर मीटर लांबीला सिग्नलला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. २०० मीटरच्या टोकाला आपटून परत यायला त्याला २ मायक्रोसेकंद लागतात. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि रिसीव्हर त्याच्या मधोमध, म्हणजे ५० मायक्रोसेकंदांच्या पुढे, नमुना घेतो. तोपर्यंत परावर्तन कधीच विरलेलं असतं. त्यामुळे ९६०० वर दोन-तीनशे मीटरच्या सरळ लाइनला टर्मिनेशन नसलं तरी सहसा काही अडत नाही, आणि कमजोर बायसवर ते काढल्याने फायदाच होतो. बॉड रेट १,१५,२०० असेल तर बिट पावणेनऊ मायक्रोसेकंदांचा होतो, तिथे हा तर्क चालत नाही. टर्मिनेशन आणि तगडं बायस दोन्ही हवं. माझं मत विचाराल तर कायमच्या कामासाठी दोन टोकांना दोन रेझिस्टर आणि एक सशक्त बायस हेच चांगलं. पण आज, निदान करण्यासाठी, दोन्ही रेझिस्टर काढा आणि एक दिवस लॉग बघा. चुका एकदम घटल्या तर रोग सापडला.

केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी गेली आहे ना, हेही बघा. एका जंक्शन बॉक्सपासून चार दिशांना चार फांद्या काढल्या असतील तर टोकं कोणती हेच ठरत नाही. ९६०० वर छोट्या फांद्या निभावतात, लांब फांद्यांचा भरवसा नाही.

दिवसा बिघाड वाढतो, म्हणजे शॉप फ्लोअर चालू असताना इलेक्ट्रिकल नॉइज वाढते. तुमच्याकडे मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी आहेतच असं गृहीत धरतो. कॉम्प्रेसर किंवा चिलरवर बहुतेक ठिकाणी असतात. व्हीएफडी मोटरला सरळ साइन वेव्ह देत नाही, तर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे तीव्र चढाचे पल्स देते. मोटर केबल त्याच ट्रेमध्ये कम्युनिकेशन केबलला टाय बांधून नेलेली असेल तर ते पल्स आपल्या जोडीवर उतरतात. ट्विस्टेड पेअरमध्ये ते दोन्ही तारांवर सारखे उतरतात आणि रिसीव्हर फरकच बघत असल्याने वजा होतात. पण त्यासाठी ए आणि बी एकाच पिळातल्या हव्यात. चार तारांच्या केबलमध्ये रंग बघून ए एका जोडीतून आणि बी दुसऱ्या जोडीतून नेलेली मी कितीतरी पॅनलमध्ये पाहिलीय. कंटिन्युइटी तपासली तर सगळं ठीक दिसतं, आणि पिळाचा फायदा मात्र शून्य. प्रत्येक मीटरवर आवरण थोडं मागे करून पीळ डोळ्यांनी बघा, ते काम दुसऱ्या कशानेही होत नाही.

शिल्डचंही असंच. प्रत्येक पॅनलमध्ये येणाऱ्या केबलचं शिल्ड कापून ग्लँडमध्ये दाबून टाकलेलं असतं, त्यामुळे ते पुढच्या तुकड्याला जोडलेलंच नसतं. येणारं आणि जाणारं शिल्ड एकमेकांना जोडून, इन्सुलेट करून, पूर्ण लाइनभर सलग न्या आणि फक्त गेटवेच्या बाजूला अर्थ करा. दोन्ही टोकांना अर्थ केलं आणि दोन पॅनलच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक असला तर शिल्डमधूनच करंट वाहायला लागतो. मोटर केबलपासून निदान ३०० मिलिमीटर अंतर ठेवा, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

दोनपेक्षा जास्त तारा असतील तर एक तार मीटरच्या कॉमन टर्मिनलला जोडा. आरएस-४८५ दोन तारांवर चालतं हे अर्धं खरं आहे. रिसीव्हरला स्वतःच्या जमिनीच्या तुलनेत प्रत्येक तार -७ ते +१२ व्होल्टच्या आत लागते, आणि कॉमन नसेल तर ती मर्यादा कोण सांभाळणार? गेटवेचं कॉमन आणि दूरच्या पॅनलचा अर्थ यांत एसी व्होल्ट मोजा, एकदा कॉम्प्रेसर बंद असताना आणि एकदा चालू असताना. काही व्होल्टचा फरक दिसला तर त्या पॅनलच्या आधी आयसोलेटेड रिपीटर बसवा. दोन शेड वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर असतील तर मी न मोजताही तो बसवतो. मीटरचा पोर्ट आतूनच आयसोलेटेड असेल तर हा त्रास खूप कमी असतो. डेटाशीटमध्ये ते लिहिलेलं असतं.

एक गोष्ट सॉफ्टवेअरची. टाइमआउट १ सेकंद आणि तीन प्रयत्न असं सेटिंग असेल तर तुमचे दोन बंद मीटर प्रत्येक फेरीत सहा सेकंद खातात. फेरीची ठरलेली वेळ तेवढ्यात संपली की यादीत नंतर येणारे निरोगी मीटर जुनं वाचन दाखवतात आणि डॅशबोर्ड त्यांनाही ऑफलाइन म्हणतो. बंद मीटर पोलिंगच्या यादीतून काढल्यावर सहा-सातपैकी काही आपोआप परत आले तर ते आजारी नव्हतेच.

म्हणून क्रम असा धरा: दोन बंद मीटर यादीतून आणि लाइनवरून काढा, ओहम मोजा, पोलिंग थांबवून व्होल्टेज मोजा, टर्मिनेशन काढून एक दिवस लॉग बघा, मग शिल्ड आणि ट्रे. ओहमचा आकडा, दोन टोकांचं रिकाम्या लाइनचं व्होल्टेज आणि जाणाऱ्या मीटरची मॉडेलं इथे लिहिलीत तर पुढचं नेमकं सांगता येईल.

केबल बदलण्याची वेळ खरंच येते ती दोन-तीन परिस्थितींत: पीळ नसलेली साधी कंट्रोल केबल वापरलेली असेल, ए-बी वेगळ्या जोड्यांतून गेलेल्या असतील आणि त्याच जोडीतली तार मोकळी नसेल, किंवा उघड्या जंक्शन बॉक्समध्ये पावसाचं पाणी जाऊन तांबं हिरवं पडलं असेल. तसं निघालं तर १२० ओहम इम्पिडन्सची, शिल्ड असलेली, एक पिळाची जोडी आणि कॉमनसाठी एक वेगळी तार असलेली केबल मागा, आणि ऑर्डरमध्ये ‘एलटी केबलच्या ट्रेमधून नेणार नाही’ हे व्हेंडरकडून लिहून घ्या.